सामान फुटून आलं, तेही तीन आठवडे उशिरा: पॅकर्स अँड मूव्हर्स कंपनीला पत्र कसं लिहायचं

पुण्याहून बंगळूरला घर हलवलं तेव्हा आमचं सामान ४ मे २०२५ ला ट्रकमध्ये चढलं. ९ मेपर्यंत पोहोचेल असं कंपनीच्या माणसाने व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं. ते १ जूनला पोहोचलं. फ्रिज एका बाजूने चेपलेला, टीव्हीचा पडदा तडकलेला, गादी ओली होऊन बुरसलेली, सागवानी कपाटाचा पाय मोडलेला, आणि एकतीस नगांपैकी सतरा नंबरचं खोकं गायब. पुढचे बारा दिवस मी फोनवर भांडण्यात घालवले. त्यातून काहीच निघालं नाही. जे काही निघालं ते १४ जूनला पोस्टात टाकलेल्या पत्रातून. ते पत्र कसं तयार केलं, त्यात काय लिहिलं आणि काय मुद्दाम गाळलं, हे इथे सविस्तर सांगते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही पद्धत कुठल्याही कंपनीला लागू पडते.

आधी एक तारीख काढा

पेन हातात घेण्याआधी बुकिंगची तारीख शोधा. भारतात रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीला ‘कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७’ हा कायदा लागू आहे. त्याच्या कलम १६ नुसार मालाच्या हानीबद्दल वाहतूकदारावर दावा करायचा असेल, तर त्याआधी त्याला लेखी नोटीस मिळालेली असावी लागते, आणि तीही माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. सामान घरी आलं त्या दिवसापासून हे दिवस मोजत नाहीत. बहुतेक जण इथेच चुकतात. सामान जितकं उशिरा येईल तितके तुमचे दिवस कमी होतात, म्हणजे कंपनीने केलेला उशीर तुमच्याच मुदतीतून वजा होतो. आमचं बुकिंग ४ मेचं होतं, त्यामुळे १८० वा दिवस ३१ ऑक्टोबरला पडत होता. सामान हाती आलं तेव्हा त्यातले २८ दिवस संपलेले होते.

‘साहेब बाहेर गेलेत, सोमवारी बघतो’ हे ऐकत चार-पाच महिने सहज निघून जातात. फोन, व्हॉट्सॲपवरचे निरोप, कंपनीच्या पानावर टाकलेला एक तारा, यातलं काहीही नोटीस म्हणून खात्रीने उभं राहील असं धरू नका. स्पष्ट शब्दांत ‘ही नोटीस आहे’ असं म्हणणारं, तारीख आणि सही असलेलं, पोहोचल्याचा पुरावा देणारं पत्रच हवं.

सामान उतरतं त्या तासात

तुमचं सामान अजून यायचं असेल तर हा भाग आधी वाचा. येऊन गेलं असेल तर पुढच्या भागावर जा.

सामान उतरवून झालं की हमाल एक कागद पुढे करतात. त्याला कोणी एलआर म्हणतं, कोणी बिल्टी, कोणी डिलिव्हरी चलान. त्यावर ‘माल सुस्थितीत मिळाला’ असं आधीच छापलेलं असतं आणि खाली सहीची जागा असते. सहीच्या वर, त्याच कागदावर, आपल्या हाताने शेरा लिहा. मी लिहिलं होतं: ‘३१ पैकी ३० नग मिळाले, नग क्र. १७ नाही. फ्रिज डाव्या बाजूने चेपलेला. गादी ओली. कपाटाचा पाय मोडलेला. बंद खोकी उघडून तपासलेली नाहीत.’ शेवटचं वाक्य विसरू नका. टीव्हीचा पडदा तडकलाय हे आम्हाला खोकं उघडल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. ते वाक्य नसतं तर कंपनीने तो घरीच फुटला असं म्हटलं असतं.

शेरा लिहू देत नसतील तर त्या कागदाचा फोटो काढा आणि तोच मजकूर लगेच, माणसं दारात उभी असतानाच, कंपनीच्या नंबरवर पाठवा. उरलेले पैसे दिल्याशिवाय गाडी रिकामी करणार नाही असं म्हणाले तर पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या, रोख नको, आणि व्यवहाराच्या टिपणीत ‘तक्रारीचा हक्क राखून’ एवढं लिहा. घाईत कोरी सही होऊन गेली असली तरी सगळं संपलं असं समजू नका. एकतीस नग उतरण्याच्या गडबडीत प्रत्येक खोकं उघडून पाहता येत नाही, हे कोणालाही पटेल. फक्त मग फोटो आणि पहिली लेखी तक्रार चोवीस तासांत गेलेली हवी.

ट्रकच्या नंबर-प्लेटचा फोटो घ्या, सामान चढताना एक आणि उतरताना एक. मी तो केवळ सवयीने घेतला होता आणि तोच पुढे सगळ्यात कामाला आला. दोन्ही नंबर वेगळे होते. याचा अर्थ आमचं सामान वाटेत कुठेतरी उतरवून, गोडाऊनमध्ये ठेवून, दुसऱ्या गाडीत भरलं गेलं होतं. एका घराचं सामान पूर्ण ट्रक भरत नसेल तर कंपन्या दोन-तीन घरांचा माल एकत्र होईपर्यंत थांबतात. याला पार्ट लोड म्हणतात. उशीर बहुतेक वेळा इथे होतो, आणि मोडतोड व गहाळ होणंही याच चढ-उताराच्या वेळी. कोटेशनमध्ये ‘स्वतंत्र गाडी’ लिहिलेलं असेल आणि खोक्यांवर दुसऱ्याच घराचे नंबर चिकटलेले दिसले, तर त्यांचेही फोटो काढून ठेवा.

पत्र कोणाच्या नावे

हे सोपं वाटतं, पण नाही. जाहिरातीतलं नाव एक, ज्याच्याशी बोललात त्या माणसाच्या व्हिजिटिंग कार्डावरचं दुसरं आणि बिलावरचं तिसरंच, असं या धंद्यात नेहमी होतं. काही वेळा आपण बोललेला माणूस निव्वळ दलाल असतो आणि माल नेणारा दुसराच. पत्र जाहिरातीतल्या नावाने गेलं तर ‘ही आमची कंपनीच नाही’ असं उत्तर येऊ शकतं.

म्हणून बिल आणि एलआर समोर ठेवा. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर gst.gov.in वर `Search Taxpayer` मध्ये तो टाका. त्या क्रमांकामागचं कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि व्यवसायाचा मुख्य पत्ता तिथे दिसतो. क्रमांक सापडलाच नाही किंवा भलत्याच नावाचा निघाला, तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, पुढे लागेल. आम्ही पत्राच्या तीन प्रती काढल्या. एक बिलावरच्या कायदेशीर नावाने मुख्य पत्त्यावर, एक पुण्याच्या शाखेला आणि एक एलआरवर छापलेल्या वाहतूकदाराला, कारण ते नाव बिलापेक्षा वेगळं होतं. तिन्ही पत्रांत तिघांचीही नावं होती, म्हणजे कोणी दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटू नये.

नुकसानीची किंमत कशी काढायची

माझ्या मते पत्राचा खरा जीव इथे आहे. ‘आमचं दीड लाखाचं नुकसान झालं, ताबडतोब भरपाई द्या’ असं लिहिलेलं पत्र कंपनी फाईलला लावते आणि विसरते. आकडा कसा आला हे दाखवता आलं नाही तर तो आकडा नसतो, राग असतो.

दुरुस्त होणाऱ्या वस्तूला दुरुस्तीचा खर्च मागायचा, नव्या वस्तूची किंमत नाही. फ्रिजसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरचा माणूस ४ जूनला आला. बाहेरून दाब पडून पत्रा चेपलाय आणि गॅसची नळी दुमडली आहे, असं त्याने जॉबशीटवर लिहिलं. खर्च ६,८०० रुपये. त्याला मी मुद्दाम विनंती केली की नुकसानीचं कारणही लिहा. ‘कूलिंग होत नाही’ एवढंच लिहिलेलं असतं तर कंपनीने ‘फ्रिज जुनाच होता’ म्हटलं असतं. कपाटाचा पाय आणि फळी यांसाठी सुताराचं सही केलेलं अंदाजपत्रक घेतलं, ४,५०० रुपये.

दुरुस्त न होणाऱ्या वस्तूला खरेदीची किंमत घ्या आणि वापराची वर्षं वजा करा. टीव्ही ३२,००० रुपयांना घेतला होता, तीन वर्षं वापरला होता. आठ वर्षं चालला असता असं धरलं तर पाच वर्षं उरली होती, म्हणून २०,००० मागितले. पडदा बदलण्याचा खर्च त्याहून जास्त येतो, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घेतलं. गादी १४,००० ची, सात वर्षांचं आयुष्य धरलं, तीन वर्षं झालेली, म्हणून ८,०००. ही आयुष्याची वर्षं कुठल्या सरकारी तक्त्यातली नाहीत. पण हिशेब समोर मांडला की कंपनीला ‘हे जास्त आहे’ एवढंच म्हणून चालत नाही, किती जास्त आणि का, तेही सांगावं लागतं.

गहाळ खोक्यासाठी पॅकिंग लिस्ट लागते. आमच्या यादीत सतरा नंबरपुढे ‘किचन, स्टील व मिक्सर’ असं त्यांच्याच माणसाच्या अक्षरात होतं. त्यातली भांडी आणि मिक्सर आठवून, जुनी बिलं शोधून ६,२०० रुपये लावले. खोक्यात चांदीची वाटीही होती. ती यादीत नव्हती आणि बिलही नव्हतं. वाईट वाटलं, पण ती पत्रात घातली नाही. सिद्ध न होणारी एक वस्तू बाकीच्या पाचांवर संशय आणते.

उशिराचं नुकसान वेगळं लिहा, मोडतोडीत मिसळू नका. त्या काळात आम्ही फ्रिज आणि दोन गाद्या महिनाभरासाठी भाड्याने घेतल्या होत्या, त्याचं ५,४०० चं बिल होतं. बाहेरच्या जेवणाचा खर्च झाला होता, पण घरी असतो तरी जेवलो असतोच, त्यातला किती भाग उशिरामुळे हे दाखवता येईना, म्हणून सोडला. मानसिक त्रासाची रक्कमही या पत्रात टाकली नाही. ती ग्राहक आयोगात मागता येते. कंपनीला पाठवायच्या पहिल्या पत्रात तिचा उपयोग फक्त वाद वाढवण्याला होतो.

मोडतोड आणि गहाळ मिळून ४५,५०० आणि उशिराचे ५,४००, एकूण ५०,९०० रुपये.

विम्याची गोष्ट

बिलात ‘ट्रान्झिट इन्शुरन्स ३%’ अशी ओळ असेल तर नीट पाहा. आम्ही सामानाची किंमत दोन लाख लिहून दिली होती आणि त्यावर ६,००० रुपये घेतले होते. विमा खरा असेल तर त्याला विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. तो मिळाल्यावर त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा, त्यांचा सर्व्हेअर येऊन पाहतो. क्रमांक देता येत नसेल तर ते पैसे कंपनीने स्वतःच्याच खिशात ठेवले असण्याची दाट शक्यता असते. मग ते परत मागा.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. विमा असला तरी वाहतूकदाराला पत्र पाठवावंच लागतं. विमा कंपन्या भरपाई देण्याआधी वाहतूकदाराकडे दावा केल्याची प्रत मागतात, कारण पुढे त्यांना त्याच्याकडून वसुली करायची असते. आणि विमा नसला तरी वाहतूकदाराची जबाबदारी उरतेच. कॅरेज बाय रोड कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार तिची मर्यादा भाड्याच्या दहापट आहे, पण बुकिंगच्या फॉर्मवर तुम्ही लिहिलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त नाही. आमचं भाडं ३४,००० होतं, म्हणजे दहापट ३,४०,०००, आणि लिहिलेली किंमत २,००,०००. आमची मागणी यांच्या कितीतरी खाली होती. पण कित्येक जण विम्याचे पैसे वाचवायला फॉर्मवर ‘मालाची किंमत १०,०००’ लिहून देतात. त्यांना तो आकडा पुढे नडतो.

आम्ही पाठवलेलं पत्र

हा मजकूर आमच्या पत्राचाच आहे, नावं तेवढी काढली आहेत. कंपनीचं मुख्य ऑफिस महाराष्ट्राबाहेर असेल तर हेच इंग्रजीत किंवा हिंदीत पाठवा.

दिनांक: १४ जून २०२५

प्रति,
(बिलावरील कायदेशीर नाव), (मुख्य पत्ता)
(शाखेचं नाव व पत्ता)
(एलआरवरील वाहतूकदाराचं नाव व पत्ता)

विषय: घरगुती सामानाची हानी, एक नग गहाळ होणे आणि २३ दिवसांचा उशीर याबाबत कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ च्या कलम १६ नुसार नोटीस

संदर्भ: एलआर क्र. (—), बिल क्र. (—), बुकिंग दिनांक ४ मे २०२५

महोदय,

मी माझे घरगुती सामान, एकूण ३१ नग, दिनांक ४ मे २०२५ रोजी पुणे येथे आपल्या ताब्यात दिले. ते दिनांक ९ मे २०२५ पर्यंत बंगळूर येथील माझ्या घरी पोहोचवण्याचे आपल्या प्रतिनिधीने त्याच दिवशीच्या लेखी निरोपात मान्य केले होते. वाहतुकीपोटी ३४,००० रुपये आणि ट्रान्झिट इन्शुरन्स या नावाखाली ६,००० रुपये मी दिले आहेत.

सामान दिनांक १ जून २०२५ रोजी, म्हणजे ठरलेल्या तारखेनंतर २३ दिवसांनी पोहोचले. पोहोचवणारी गाडी पुण्यात सामान भरलेल्या गाडीहून वेगळी होती. दोन्ही गाड्यांची छायाचित्रे सोबत आहेत. सामान उतरवतानाच दिसलेली हानी मी एलआरच्या प्रतीवर नोंदवली असून, खोकी उघडल्यावर आढळलेली हानी दिनांक २ जून रोजी ई-मेलने कळवली आहे.

हानीचा तपशील असा:
१. फ्रिज, डावी बाजू चेपलेली व गॅसची नळी दुमडलेली, दुरुस्ती: ६,८०० रुपये (जोडपत्र ३)
२. टीव्ही, पडदा तडकलेला, दुरुस्तीयोग्य नाही, खरेदी ३२,०००, वापर वजा जाता: २०,००० रुपये (जोडपत्र ४)
३. सागवानी कपाट, पाय व फळी मोडलेली, दुरुस्ती: ४,५०० रुपये (जोडपत्र ५)
४. गादी, ओली होऊन बुरशी आलेली, खरेदी १४,०००, वापर वजा जाता: ८,००० रुपये (जोडपत्र ६)
५. नग क्र. १७, स्वयंपाकघरातील सामान, गहाळ: ६,२०० रुपये (जोडपत्र ७)
हानीची बेरीज: ४५,५०० रुपये

उशिरामुळे फ्रिज व गाद्या भाड्याने घ्याव्या लागल्या, त्याचा खर्च ५,४०० रुपये (जोडपत्र ८).
एकूण मागणी: ५०,९०० रुपये

आपण घेतलेल्या विम्याच्या रकमेबाबत विमा कंपनीचे नाव, पॉलिसी किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक व त्याची प्रत सात दिवसांत द्यावी. अशी पॉलिसी काढलेली नसल्यास ६,००० रुपये वरील रकमेव्यतिरिक्त परत करावेत.

तसेच ४ मे ते १ जून या काळात माझे सामान कोणत्या ठिकाणी ठेवले होते, कोणत्या दिवशी व कोणत्या गाडीत हलवले, हे लेखी कळवावे.

खराब झालेल्या सर्व वस्तू माझ्याकडे आहेत त्या स्थितीत ठेवल्या आहेत. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत आपण पूर्वसूचना देऊन पाहणी करू शकता. त्यानंतर फ्रिज दुरुस्त करून घेण्यात येईल, कारण तो रोजच्या गरजेचा आहे.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत वरील रक्कम खालील बँक खात्यात जमा करावी. तसे न झाल्यास मी राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन व तेव्हा त्रास आणि खर्चाबद्दलची भरपाईही मागेन.

आपली,
(सही, नाव, पत्ता, फोन, बँक खात्याचा तपशील)

सोबत: जोडपत्र १ ते ८ (१. एलआर, बिल व पॅकिंग लिस्ट, २. ९ मेच्या वायद्याचा निरोप व छायाचित्रे, ३ ते ८ वर नमूद केल्याप्रमाणे)

या पत्रात कुठेही ‘फसवणूक’, ‘चोर’, ‘बदनामी करू’ असे शब्द नाहीत. लिहिताना ते माझ्या मनात होते. पण हे पत्र शेवटी कदाचित एखाद्या आयोगाच्या टेबलावर जाणार असतं, आणि तिथला वाचणारा आकडे आणि तारखा बघतो. गहाळ खोक्याला मी चोरी म्हटलं नाही, कारण ते चोरलं की चुकीच्या घरी उतरलं हे मला माहीत नव्हतं. मालाचं काय झालं हे सांगण्याची जबाबदारी वाहतूकदाराची असते. त्याची किंवा त्याच्या माणसांची चूक होती हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही.

पाठवणं आणि जपून ठेवणं

मूळ कागद कधीच पाठवू नका, सगळ्या झेरॉक्स. पत्र स्पीड पोस्टने, पोचपावती मागून पाठवा. पावतीवरच्या क्रमांकाने इंडिया पोस्टच्या ट्रॅकिंगवर ते कधी पोहोचलं ते दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट घ्या. ती माहिती कायम दिसत राहीलच असं नाही. त्याच दिवशी पीडीएफ करून ई-मेलनेही पाठवा आणि व्हॉट्सॲपवर ‘नोटीस पाठवली आहे, ट्रॅकिंग क्रमांक असा’ एवढा एक निरोप टाका. लिफाफा ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आला तर तो उघडू नका. तो नकारही पुरावा असतो, तो बंदच फाईलला लावा.

काय उत्तरं येतात

आम्हाला पहिलं उत्तर नवव्या दिवशी फोनवर आलं: ‘मॅडम, एलआरच्या मागे ओनर्स रिस्क लिहिलंय.’ म्हणजे नुकसानीची जोखीम मालाच्या मालकाची. हे वाक्य जवळपास प्रत्येकाला ऐकायला मिळतं. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच म्हटलं आहे की ‘ओनर्स रिस्क’वर माल नेला तरी वाहतूकदार स्वतःच्या किंवा आपल्या माणसांच्या निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही. मी एवढंच म्हणाले, ‘हे तुम्ही ई-मेलवर लिहून पाठवा.’ त्यांनी लिहून पाठवलं नाही.

मग ‘पावसामुळे गाडी अडकली’. पूर आला, दंगल झाली, सरकारने गाडी अडवली, तर त्यांची सुटका होऊ शकते, पण तसं झालं हे त्यांनी दाखवायचं असतं. आमच्या पत्रात सामान कुठे आणि किती दिवस होतं हा प्रश्न होता, त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. गाड्या दोन होत्या, त्यामुळे अडकलेली गाडी नेमकी कोणती, हेही सांगता येईना.

तिसरं उत्तर सगळ्यात धोक्याचं: ‘बारा हजार देतो, आजच, या कागदावर सही करा.’ त्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असं असतं. सही केली की उरलेल्या रकमेचा रस्ता बंद होतो. रक्कम घ्यायचीच असेल तर ‘अंशतः मिळाले, उर्वरित मागणी कायम’ असं लिहूनच घ्या. ते त्याला तयार नसतील तर घेऊ नका.

पंधरा दिवस उलटले की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. ती कंपनीला कळवली जाते आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. मात्र हेल्पलाइन निकाल देत नाही. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनी पुण्याची असली तरी बंगळूरला. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, वकील सक्तीचा नाही, आणि e-jagriti.gov.in वरून तक्रार ऑनलाइन दाखल होते. तक्रारीचा मसुदा म्हणजे बहुतांशी हेच पत्र, त्याला शपथपत्र आणि पोस्टाच्या पावत्या जोडलेल्या.

आम्ही १९१५ वर ४ जुलैला नोंद केली. १८ जुलैला कंपनीने टीव्ही आणि गादीच्या आकड्यांवर घासाघीस केली आणि शेवटी ४६,५०० रुपयांवर आली. त्यात विम्याचे सहा हजार परत धरले होते, कारण पॉलिसीचा क्रमांक त्यांना शेवटपर्यंत देता आला नाही. पैसे खात्यात दिसल्यावरच आम्ही अंतिम सही केली. सतरा नंबरचं खोकं मिळालं नाही.

तुमचं बुकिंग चार-पाच महिन्यांपूर्वीचं असेल तर अंदाजपत्रकांसाठी थांबू नका. वस्तूंची यादी, अंदाजे रकमा आणि ‘सविस्तर कागदपत्रे नंतर पाठवत आहे’ असं लिहून नोटीस आजच टाका. सुताराची चिठ्ठी पुढच्या आठवड्यात पाठवता येते, पण १८१ व्या दिवशी पाठवलेल्या नोटिशीची तारीख मागे नेता येत नाही.